नावाने शोधत आलेलं गिऱ्हाईक कोणाचं?

गुगलवर एखाद्या ओळखीच्या कंपनीचं नाव टाकून बघा. पुष्कळदा सगळ्यात वर 'प्रायोजित' असं लिहिलेला एक दुवा दिसतो आणि त्याच्या खाली लगेच तीच कंपनी, तोच पत्ता, जवळपास तेच शीर्षक. वरच्या दुव्यावर बोट टेकवलं तर कंपनीच्या खात्यातून पैसे जातात, खालच्यावर टेकवलं तर काहीच जात नाही. दोन्ही वाटा एकाच दारात पोहोचतात. मग ज्याने आपलं नाव स्वतःच टाइप केलं, त्याला आपल्या दारात आणण्यासाठी पैसे कशाला मोजायचे? जाहिरातीच्या धंद्यात या प्रश्नावर गेली बारा-पंधरा वर्षं वाद चालू आहे आणि त्यात गुंतलेली रक्कम लहान नाही.

धंद्यातले लोक या जाहिरातींचे दोन भाग करतात. ज्या शोधात कंपनीचं किंवा तिच्या मालाचं नाव आहे तो 'ब्रँड'. ज्यात फक्त गरज आहे, नाव नाही, तो 'नॉन-ब्रँड'. एखाद्या मसाल्याच्या दुकानाचं नाव टाकून कोणी शोधलं तर ते ब्रँड. 'कांदा लसूण मसाला ऑनलाइन' असं टाकलं तर नॉन-ब्रँड. दुसऱ्या शोधातल्या माणसाने अजून ठरवलेलं नसतं. पहिल्यातल्याने बहुतेक ठरवलेलं असतं, त्याला फक्त दार शोधायचं असतं.

महाबळेश्वरला एसटीतून उतरलेला पाहुणा टॅक्सीत बसतो आणि आधीच बुक केलेल्या हॉटेलचं नाव सांगतो. टॅक्सीवाला त्याला गेटवर सोडतो आणि आत जाऊन मॅनेजरकडे गिऱ्हाईक आणल्याचं कमिशन मागतो. ब्रँडच्या जाहिरातीवरचा मुख्य आक्षेप एवढाच आहे.

हे आकड्यांत कसं दिसतं ते बघू. समजा, कोल्हापुरी मसाले आणि चटण्या घरपोच विकणारं एक दुकान आहे. सरासरी ऑर्डर ८०० रुपयांची, आणि माल, पॅकिंग, कुरिअर वजा जाता शंभर रुपयांमागे ४० हातात राहतात. दुकान महिन्याला गुगलवर एक लाख रुपये खर्च करतं आणि जाहिरातींच्या खात्यात सहा लाखांची विक्री दिसते. रुपयाला सहा रुपये. मालक खूश, आणि जाहिरात सांभाळणारी एजन्सी त्याहून खूश.

आता हाच आकडा फोडायचा. ब्रँडवर खर्च २०,००० रुपये: दोन रुपयांना एक याप्रमाणे १०,००० क्लिक, त्यातून ५०० ऑर्डरी, विक्री चार लाख. नॉन-ब्रँडवर खर्च ८०,००० रुपये: दहा रुपयांना एक याप्रमाणे ८,००० क्लिक, २५० ऑर्डरी, विक्री दोन लाख. म्हणजे ब्रँडमध्ये रुपयाला वीस मिळतात आणि नॉन-ब्रँडमध्ये अडीच. मघाचे 'रुपयाला सहा' प्रत्यक्षात कुठेच घडलेले नव्हते, ती दोन अगदी वेगळ्या गोष्टींची सरासरी होती. आणि मालकाने पुढच्या महिन्यात दोन लाख खर्च करायचं ठरवलं, तर बारा लाख येणार नाहीत. दुकानाचं नाव शोधणारी माणसं तेवढीच राहतील, वाढीव पैसा सगळा नॉन-ब्रँडमध्ये जाईल आणि तिथे रुपयाला अडीच किंवा त्याहून कमीच पडेल.

वेगळं करण्याचं काम ऐकायला सोपं आहे. दोन कॅम्पेन करायच्या, ब्रँडच्या कॅम्पेनमध्ये नावाचे कीवर्ड घालायचे आणि तेच कीवर्ड नॉन-ब्रँडमध्ये 'निगेटिव्ह' म्हणून टाकायचे, म्हणजे नावाचा शोध तिकडे शिरणार नाही. खरी मेहनत नावाच्या स्पेलिंगमध्ये असते. दुकानाच्या नावात 'लक्ष्मी' असेल तर लोक laxmi, lakshmi, luxmi, लक्ष्मी, लक्श्मी असं काहीही टाकतात, आणि यातलं एखादं निगेटिव्ह यादीतून सुटलं तर ते गिऱ्हाईक नॉन-ब्रँडच्या खात्यात जाऊन तिथला आकडा फुगवू शकतं. म्हणून दर आठवड्याला 'सर्च टर्म्स' हा अहवाल उघडून लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं ते वाचावं लागतं. दुकानाचं नावच 'कोल्हापुरी मसाले' असलं तर पंचाईत होते, कारण ते नावही आहे आणि गरजही. अशा वेळी फक्त नाव हे ब्रँड, की नावासोबत गाव किंवा फोन नंबर असेल तरच ब्रँड, हे एकदा ठरवून लिहून ठेवायचं आणि मग बदलायचं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या नावावर आपण जाहिरात लावत असू तर त्याची तिसरी टोपली.

इथवरचं काम नीटनेटक्या हिशेबाचं आहे. पुष्कळ लोक इथे थांबतात आणि वरचा तक्ता बघून म्हणतात, ब्रँड वीसपट देतो, त्याला हात लावू नका. चूक नेमकी इथेच होते. वीसपट हा आकडा 'जाहिरातीवर क्लिक करून किती विक्री झाली' याचा आहे, 'जाहिरात नसती तर किती विक्री बुडाली असती' याचा नाही. पहिली गोष्ट खात्यात आपोआप नोंदली जाते. दुसरी समजायची तर जाहिरात बंद करून बघावी लागते.

तसं बंद करून बघितल्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ईबे या कंपनीचं. बर्कलीचे अर्थतज्ज्ञ स्टीव्हन टाडेलिस त्या काळात ईबेमध्ये काम करत होते. त्यांनी टॉमस ब्लेक आणि क्रिस नॉस्को यांच्यासोबत कंपनीच्याच जाहिरातींवर प्रयोग केले, आणि तो अभ्यास २०१५ साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात छापून आला. मार्च २०१२ मध्ये ईबेने ebay shoes यांसारख्या, म्हणजे स्वतःचं नाव असलेल्या शोधांवरच्या जाहिराती अमेरिकेत याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर बंद केल्या आणि गुगलवर चालू ठेवल्या. गुगल चालू ठेवण्यामागे हेतू होता: त्या आठवड्यांत एकूणच ईबे शोधणारे कमी-जास्त झाले तर ते गुगलवरही दिसेल, आणि फरक जाहिरातीमुळे पडला की हंगामामुळे हे कळेल.

बंद केलेल्या जाहिरातींवरून जे क्लिक आले असते त्यातले ९९.५ टक्के लगेच खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. हजारातले पाच हरवले. पैसे देऊन आणलेली म्हणून जी माणसं हिशेबात होती, ती जवळजवळ सगळी तशीही येतच होती.

मग त्यांनी नॉन-ब्रँडकडे मोर्चा वळवला, आणि माझ्या मते अभ्यासाचा हा भाग जास्त मोलाचा आहे. इथे फुकटचा दुवा नेमका खाली असेलच असं नाही, त्यामुळे बंद केल्यावर मोठा खड्डा पडेल अशी अपेक्षा होती. अमेरिका टीव्हीच्या बाजारपेठांप्रमाणे २१० भागांत विभागलेली आहे. त्यातल्या साधारण तीस टक्के भागांत गुगलवरच्या नॉन-ब्रँड जाहिराती साठ दिवस बंद ठेवल्या, बाकी ठिकाणी चालू. मोजायची गोष्ट क्लिक नव्हती, त्या त्या भागातली ईबेवरची एकूण विक्री होती. विक्रीत पडलेला फरक इतका किरकोळ निघाला की खर्च धरून सरासरी परतावा उणे ६३ टक्के आला.

का, याचं उत्तर गिऱ्हाइकांचे गट पाडल्यावर मिळालं. जे ईबेवर नवे होते किंवा वर्षाकाठी एखाद-दुसरी खरेदी करत होते, त्यांच्यावर जाहिरातीचा खरोखर परिणाम होत होता. पण क्लिकचा बहुतेक खर्च नेहमीचे गिऱ्हाईक खात होते. ते गिटार शोधताना ईबेची जाहिरात दिसली म्हणून तिच्यावर बोट टेकवत, नसती दिसली तर सरळ ईबेचं पान उघडत. म्हणजे 'तसंही आलंच असतं' हा रोग फक्त ब्रँडचा नाही. ब्रँडमध्ये तो उघड दिसतो, नॉन-ब्रँडमध्ये लपून असतो. नुसतं दोन कॅम्पेन करून सत्य हाती लागत नाही ते यामुळे.

या निकालाचा एक अर्थ मात्र घाईघाईने काढला गेला: ब्रँडची जाहिरात म्हणजे पैसे पाण्यात. ईबेला अमेरिकेत ओळखत नाही असा माणूस शोधावा लागला असता, आणि त्याच्या नावाच्या शोधात पहिला फुकटचा दुवा त्याचाच होता. आपल्या मसाल्याच्या दुकानाला हे जसंच्या तसं लागू पडेल असं धरणं धाडसाचं आहे.

गुगलच्या संशोधकांनीही याच सुमारास स्वतःचे आकडे काढले. २०११ मध्ये त्यांनी म्हटलं की जाहिराती बंद केल्यावर त्यांच्या क्लिकपैकी सरासरी ८९ टक्के क्लिक फुकटच्या दुव्यांतून भरून निघत नाहीत. हा आकडा विक्रेत्यांच्या तोंडी अजून असतो. पण पुढच्याच वर्षी त्यांनी तो फोडला तेव्हा चित्र बदललं: जाहिरातदाराचा फुकटचा दुवा पहिल्या क्रमांकावर असेल तेव्हा जाहिरातीच्या क्लिकपैकी निम्मेच 'जादा' ठरतात. स्वतःच्या नावाच्या शोधात आपण बहुधा पहिलेच असतो. म्हणजे जाहिरात विकणाऱ्याच्या स्वतःच्या मोजणीतही निम्मे क्लिक तसेही आलेच असते. शिवाय ही क्लिकची मोजणी, विक्रीची नव्हे.

निम्मे आणि हजारात पाच यांत एवढं अंतर का? मोठं कारण शेजारी आहे. मघाचा टॅक्सीवाला पाहुण्याला गेटवर सोडण्याऐवजी 'साहेब, त्यापेक्षा भारी हॉटेल दाखवतो' म्हणाला तर? आंद्रे सिमोनोव्ह, नॉस्को आणि जस्टिन राव यांनी मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर हजारो ब्रँडचे शोध तपासले. तो अभ्यास २०१८ मध्ये आला. नावाच्या शोधावर दुसरा कोणी जाहिरातदार नसेल तर स्वतःच्या जाहिरातीने क्लिकमध्ये एक ते चार टक्क्यांचीच भर पडते, आणि नाव जितकं मोठं तितकी ती कमी. पण प्रतिस्पर्धी वर बसलेले असतील आणि ब्रँडचा मालक स्वतः गैरहजर असेल, तर साधारण पाचातला एक ते पाचातले दोन क्लिक ते पळवू शकतात. अमेरिकेतल्या एडमंड्स या मोटारींची माहिती देणाऱ्या कंपनीवरचा प्रयोगही त्याच दिशेचा होता. तिच्या नावावर बरेच स्पर्धक बोली लावत होते, आणि जाहिरात बंद केल्यावर तिच्यातून येणाऱ्या रहदारीपैकी निम्म्याहून जास्त परत आली नाही.

भारतात हा शेजाऱ्याचा प्रश्न कोर्टातही गेला. मेकमायट्रिपने तक्रार केली होती की तिचं नाव शोधलं की बुकिंग डॉट कॉमची जाहिरात दिसते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने एप्रिल २०२२ मध्ये त्याला मनाई केली, पण डिसेंबर २०२३ मध्ये खंडपीठाने ती मनाई उठवली: दुसऱ्याचं नाव नुसतं कीवर्ड म्हणून वापरणं, गिऱ्हाइकाची दिशाभूल होत नसेल तर, हे आपोआप ट्रेडमार्कचं उल्लंघन होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अगरवाल पॅकर्सच्या ट्रेडमार्कवरून डीआरएस लॉजिस्टिक्स आणि गुगल यांच्यात चाललेल्या खटल्यात खंडपीठाने साधारण हीच रेषा आखली होती, आणि गुगल यात निव्वळ तटस्थ मध्यस्थ नाही असंही म्हटलं होतं. दुकानदाराच्या दृष्टीने सांगायचं तर, आपल्या नावावर दुसऱ्याने बोली लावली एवढ्यावरून त्याला हटवता येईल या भरवशावर राहू नये. त्याने जाहिरातीच्या मजकुरात आपलं नाव वापरून घोळ घातला तर गोष्ट वेगळी. आपल्याच नावाचं भाडं भरावं लागतं ही तक्रार म्हणून खोटी नाही. मलाही ही व्यवस्था फारशी न्याय्य वाटत नाही, पण हिशेब आहे त्या बाजारातच करावा लागतो.

तर मसाल्याच्या दुकानाकडे परत. ब्रँडचे १०,००० क्लिक, खर्च २०,०००. जाहिरात बंद केली आणि त्यातले ९,००० फुकटच्या दुव्यावरून आले असं धरा. हरवले एक हजार क्लिक, म्हणजे ५० ऑर्डरी, ४०,००० ची विक्री, त्यातले हातात राहणारे १६,०००. वाचले २०,०००. म्हणजे वीसपट परतावा दाखवणारी ही कॅम्पेन दरमहा चार हजारांचं नुकसान करत होती. आता उलटं धरा: दोन स्पर्धक त्या नावावर बसलेत आणि बंद केल्यावर तीन हजार क्लिक गेले. १५० ऑर्डरी, १,२०,००० ची विक्री, हातचे ४८,००० बुडाले. इथे २०,००० खर्चून कॅम्पेन चालू ठेवणं शहाणपणाचं. मधली सीमा कुठे आहे तेही निघतं. दहाच्या दहा हजार क्लिकवर हातात राहतात १,६०,०००. खर्च त्याचा आठवा हिस्सा. तेव्हा या दुकानापुरता प्रश्न एवढाच: बंद केल्यावर आठातला एक क्लिक कायमचा जातो का? ज्याचा नफा किंवा क्लिकचा दर वेगळा, त्याची सीमा वेगळी.

हे तपासायचं कसं? आधी 'ऑक्शन इनसाइट्स' हा अहवाल ब्रँड कॅम्पेनवर लावून बघायचा; आपल्या नावावर आणखी कोण दिसतं ते त्यात कळतं. तिथे कोणीच नसेल तर निकाल अर्धा लागला. मग काही राज्यांत ब्रँडची जाहिरात तीन-चार आठवडे बंद ठेवायची आणि बाकीच्यांत चालू. सगळीकडे एकदम बंद करून मागच्या महिन्याशी तुलना करणारे हमखास फसतात, कारण मधे दिवाळी येते, नाहीतर उन्हाळ्यात तिखट-मसाल्याचा हंगाम येतो. तालुका किंवा लहान शहर धरू नये. मोबाइलवरच्या माणसाचा ठिकाणा गुगल अंदाजाने लावतं आणि तो चुकतो, राज्य सहसा बरोबर येतं.

आणि काय मोजायचं? जाहिरातीच्या खात्यातली विक्री तर नाहीच, ती बंद राज्यांत साहजिकच शून्य दिसेल आणि घाबरवेल. पार्सलच्या पत्त्यावरच्या पिनकोडनुसार दुकानाच्या एकूण ऑर्डरी मोजायच्या, फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या धरून. मात्र लहान दुकानाची इथे एक अडचण असते. महिन्याला सगळ्या मिळून १,५०० ऑर्डरी असतील तर काहीही न बदलता त्या तीस-चाळीसने वर-खाली होतच राहतात. जाहिरात बंद केल्यामुळे गेलेल्या ५० ऑर्डरी त्या चढउतारात ओळखू येणार नाहीत. १५० गेल्या तर येतील. बारीक फरक ओळखायला ईबेएवढा आकार लागतो. म्हणून जोडीला गुगलच्या 'सर्च कन्सोल'मधून आपलं नाव किती वेळा शोधलं गेलं आणि त्यातून फुकटचे क्लिक किती आले ते काढायचं. त्यात जाहिरातीचे क्लिक मिळवायचे आणि शंभर शोधांमागे दोन्ही मिळून किती माणसं दारात आली ते जाहिरात बंद करण्याआधीच्या आणि बंद असतानाच्या आठवड्यांत ताडून बघायचं. इथे आकडे हजारांत असल्याने मोठा फरक पडला की नाही ते दिसतं.

अलीकडे या सगळ्यात एक नवा गुंता शिरला आहे. २०२१ अखेरीस गुगलने 'परफॉर्मन्स मॅक्स' ही कॅम्पेन सगळ्यांसाठी खुली केली. तिला 'रुपयाला इतके आणून दे' एवढं लक्ष्य द्यायचं, बाकी सर्च, यूट्यूब, जीमेल कुठे खर्च करायचं ते यंत्र ठरवतं. असं लक्ष्य दिल्यावर यंत्र सगळ्यात सोप्या पैशाकडे धावणार हे उघड आहे, आणि सगळ्यात सोपा पैसा म्हणजे आपलं नाव टाइप करणारा माणूस. लक्ष्य झकास गाठलं जातं. मालकाला वाटतं नवी गिऱ्हाइकं मिळताहेत. २०२३ पासून तिथे ब्रँड वगळण्याची सोय आली आहे, पण ती स्वतः जाऊन लावावी लागते. हीच गोष्ट साध्या कॅम्पेनमध्येही ब्रँड आणि नॉन-ब्रँड एकत्र ठेवून परताव्याचं लक्ष्य दिल्यास घडते.

एजन्सीला खर्चाच्या टक्क्यांत फी मिळत असेल, किंवा कंपनीतल्या अधिकाऱ्याची बढती 'रुपयाला किती' या आकड्यावर अवलंबून असेल, तर ब्रँड बंद करून बघूया असं त्या दोघांपैकी कोणी आपणहून म्हणण्याची शक्यता कमी. त्यात लबाडीच असते असं नाही. ज्या आकड्यावर आपलं मोजमाप होतं तो पाडायला कोण जाईल? चाचणी मालकालाच मागावी लागते. तीही एकदा करून भागत नाही. आज नावावर कोणी बोली लावत नसेल म्हणून कॅम्पेन बंद ठेवली, तर दर महिन्याला स्वतःचं नाव दोन-चार वेगवेगळ्या फोनवरून टाकून वर कोण बसलंय ते बघायचं, कारण ब्रँड कॅम्पेन बंद असताना 'ऑक्शन इनसाइट्स'मध्येही काही दिसत नाही.